‘वर’ म्हणजे नेमके कुठे? एका अर्धवट जर्मन वाक्याची गोष्ट



‘ध चा मा’ ही आख्यायिका आपल्या घराघरात ठाऊक आहे. बडोद्यात असा, इंदूरमध्ये असा की तंजावरला, मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, अशी ती कथा. त्या कथेत एक अक्षर कुणीतरी मुद्दाम बदलले आहे. आज मला बोलायचे आहे ते मुद्दाम न बदललेल्या अक्षरांबद्दल. घाईत गळलेला शब्द, न दिलेला पूर्णविराम, ऐकण्यात झालेली चूक, अर्धेच सोडलेले वाक्य. असा कागद समोर आला की भाषांतरकाराला आधी लेखकाला काय म्हणायचे होते ते ठरवावे लागते आणि मगच दुसऱ्या भाषेत शिरावे लागते. हे ठरवायचे कसे, ते दुसऱ्या महायुद्धातल्या एका वाक्यावरून पाहू.

मी तोफखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर युद्धाच्या रोजनिश्या आणि जुने संदेश मराठीत आणण्याचे काम हौसेने करतो. सैन्यातला मजकूर कसा लिहिला जातो हे मी जवळून पाहिले आहे. पाठवणाऱ्याला प्रत्येक शब्द जड वाटतो, म्हणून तो जोडशब्द, विभक्ती, विरामचिन्हे सगळे गाळतो. घेणाऱ्याला आधीचे सगळे माहीत आहे असे तो गृहीत धरतो. आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. अडचण तेव्हा येते, जेव्हा तो कागद तिसऱ्याच माणसाच्या हाती पडतो. भाषांतरकार हा नेहमीच असा तिसरा माणूस असतो.

या तिसऱ्या माणसांचे सर्वात मोठे कार्यालय इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथे होते. जर्मन सैन्य आपले बिनतारी संदेश एनिग्मा यंत्रातून सांकेतिक करून पाठवत असे. ब्लेचलीत ते फोडले जात. जर्मन भूदल आणि हवाईदलाचे संदेश ‘हट ६’ या लाकडी बराकीत उलगडले जात आणि शेजारच्या ‘हट ३’ मध्ये त्यांचे भाषांतर होई. आपण चित्रपटांत पाहतो ते संकेत फोडण्याचे काम. पण संकेत फुटला म्हणजे वाचण्याजोगे जर्मन हाती आले, असे नव्हते. भाषांतरकाराचे खरे काम तिथून सुरू होई.

एनिग्माच्या कळफलकावर फक्त २६ रोमन अक्षरे होती. आकडे नाहीत, स्वल्पविराम नाही, दोन शब्दांमधली जागासुद्धा नाही. आकडा अक्षरांत लिहायचा आणि पूर्णविरामाच्या जागी एक्स हे अक्षर टाकायचे. संदेश पाच-पाच अक्षरांच्या गटांत पाठवला जाई, त्यामुळे शब्द कुठेही तुटलेले असत. त्यात वादळी हवा, दुसऱ्या केंद्राचा गोंगाट आणि थकलेला तारयंत्री. कडकट्टातले एखादे टिंब ऐकू आले नाही की अक्षर बदलले.

मराठीत हे कसे दिसेल याचा एक नमुना मी तुमच्यासाठी तयार केला आहे. समजा कागदावर असे आले:

तुकडीउद्या पहाटेगदी काठीपोचेल

पहिले काम शब्द सुटे करण्याचे. ‘तुकडी उद्या पहाटे’ इथपर्यंत सरळ आहे. पुढचे ‘गदी’ कळत नाही. एकच अक्षर चुकले असेल असे मानले तर दोन शब्द सुचतात. ‘ग’ चुकला असेल तर ‘नदी’, आणि ‘दी’ चुकली असेल तर ‘गढी’. तुकडी दोन्हीकडे जाऊ शकते. सैन्याच्या दृष्टीने गढीवर जाणे आणि नदीवर जाणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे पुढचा शब्द मदतीला येतो. ‘काठी’ नदीला लागते, गढीला लागत नाही. म्हणून ‘नदीकाठी पोचेल’. पण पुढचा गट वाऱ्यात हरवला असता आणि कागद ‘गदी’पाशीच संपला असता, तर? तेव्हा प्रामाणिक भाषांतर एकच: ‘तुकडी उद्या पहाटे... (नदी किंवा गढी)’. दोन्ही पर्याय उघडे ठेवायचे. जो आवडला तो लिहून मोकळे व्हायचे नाही.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या उलट आहे. हाताने नक्कल करताना होणारी चूक मूळ अक्षरासारखी दिसते. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. म्हणून जुन्या पोथ्या वाचणारा सारखी दिसणारी अक्षरे बदलून पाहतो. टंकलेखनातली चूक बहुधा शेजारच्या कळीवर बोट पडल्याने होते, म्हणून तिथे कळफलक आठवायचा. एनिग्मात मात्र चूक होते ती सांकेतिक अक्षरात. ते चुकीचे अक्षर यंत्रातून उलटे फिरले की बाहेर येणाऱ्या जर्मन अक्षराचे मूळ अक्षराशी कसलेच साम्य उरत नाही. ‘न’च्या जागी ‘ग’ आला याला काही कारण नसते. तिथे अंदाज बांधून झाला की उलटी परीक्षा घेता येते: आपण सुचवलेले अक्षर खरे असेल तर त्या ठिकाणी सांकेतिक अक्षर कोणते असायला हवे होते? ते आणि कागदावर घेतलेले अक्षर कडकट्टात जवळपास सारखे ऐकू येते का? समजा एक ‘टिंब टिंब रेघ’ आणि दुसरे ‘टिंब टिंब टिंब रेघ’ निघाले, तर अंदाजाला बळ मिळाले. अजिबात साम्य नसेल तर पुन्हा विचार करायचा.

आणि अक्षर बदलण्याऐवजी सबंध गळलेच तर? तर यंत्राची पायरी चुकते आणि तिथून पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो. म्हणजे कागद पाहूनच कळते की बिघाड कोणत्या जातीचा आहे. एकच शब्द विचित्र दिसत असेल तर अक्षर बदलले आहे. एका जागेपासून पुढे सगळाच चिखल असेल तर अक्षर गळले आहे. चूक दुरुस्त करण्याआधी ती कशी घडली हे ओळखायचे, ही या कामाची पहिली पायरी. मूळ कागद हाताने नकललेला आहे, टंकलिखित आहे की ऐकून उतरवलेला, हे ठाऊक नसताना दुरुस्ती करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

हट ३ मध्ये सुरुवातीपासून काम करणाऱ्यांपैकी एक होते एफ. एल. ल्यूकस. केंब्रिजचे साहित्याचे अभ्यासक. शेक्सपिअरच्या पिढीतला नाटककार जॉन वेबस्टर याच्या समग्र साहित्याची चार खंडांची आवृत्ती त्यांनी १९२७ मध्ये संपादित केली होती. त्या काळची छापील नाटके म्हणजे चुकांचे आगर. ती वाचण्याची सवय असलेला माणूस जर्मन हवाईदलाच्या तारा वाचायला बसला, यात मला काही नवल वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. छापणारा, पाठवणारा चुकला आहे की आपल्यालाच कळत नाही?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

मे १९४० मध्ये जर्मन हवाईदलाचा मुख्य संकेत ब्लेचलीत नियमितपणे फुटू लागला. जूनमध्ये त्यातून एक छोटा संदेश निघाला. १२ जून रोजी तो आर. व्ही. जोन्स यांच्या हाती पडला. जोन्स हे हवाई मंत्रालयात वैज्ञानिक गुप्तवार्तेचे काम पाहणारे पदार्थवैज्ञानिक. वय अवघे २८. संदेश देणारे अधिकारी हवाईदलाच्या बिनतारी टेहळणीचे प्रमुख होते, आणि त्यांच्याकडे कुणालाच त्याचा अर्थ लागला नव्हता.

वाक्य जर्मनमध्ये आहे. मी ते शब्दाला शब्द ठेवून देवनागरीत मांडतो: ‘क्निकेबाइन क्लेवे, आहे, वर बिंदू ५३ अंश २४ मिनिटे उत्तर आणि एक अंश पश्चिम, आइनगेरिश्टेट.’

बस, एवढेच. कोणती वस्तू, कशासाठी, कुणी, काही नाही. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते आधीच माहीत होते.

यात तीन जागा अडतात. एकेक पाहू.

पहिली अडचण नावांची. ‘क्निकेबाइन’चा शब्दशः अर्थ ‘वाकडा पाय’. नवखा भाषांतरकार इथे ‘वाकडा पाय’ लिहून बसेल आणि वाक्य आणखी अगम्य करील. हे सांकेतिक नाव आहे हे ओळखून ते तसेच ठेवायला हवे. मग ‘क्लेवे’ काय? दोन नावे शेजारी-शेजारी आली आहेत आणि त्यांच्यातले नाते दाखवणारे काहीच नाही. क्लेवे हेसुद्धा सांकेतिक नाव असेल का? की क्लेवे नावाचे गाव? हॉलंडच्या सीमेला लागून, जर्मनीच्या पश्चिम टोकाला, क्लेवे नावाचे गाव आहे. मराठीत ‘चौकी खेड’ असे लिहिले तर ती खेडची चौकी, खेड नावाची चौकी की चौकी आणि खेड अशा दोन जागा, हे संदर्भावाचून सांगता येणार नाही. तसेच हे.

दुसरी अडचण क्रियापदाची. ‘आइनगेरिश्टेट’ या शब्दाचे अर्थ अनेक. उभारले, बसवले, मांडले, जुळवून ठेवले. त्याचा मूळ धातू ‘रिश्टेन’, म्हणजे सरळ करणे, रोखणे. आम्हा तोफखान्याच्या लोकांना तो लगेच भिडतो, कारण तोफ निशाण्यावर लावण्यासाठी जर्मनमध्ये हाच धातू वापरतात. म्हणजे एकाच शब्दात ‘इथे उभारले’ आणि ‘इकडे रोखले’ हे दोन्ही अर्थ बसू शकतात.

तिसरी अडचण सर्वात लहान आणि सर्वात महत्त्वाची. ‘वर’ या अर्थाचा जर्मन शब्द ‘आउफ’. त्याच्यापुढे नाम येते तेव्हा अधेमधे ‘डेन’ किंवा ‘डेम’ असा छोटा शब्द लागतो. ‘डेन’ असेल तर अर्थ दिशेचा, त्या बिंदूकडे. ‘डेम’ असेल तर अर्थ जागेचा, त्या बिंदूपाशी. शेवटच्या एका अक्षराचा फरक. तारेच्या भाषेत शब्द वाचवायचे म्हणून हा छोटा शब्दच गाळला होता. संदेशात नुसते ‘आउफ बिंदू’ आहे. वस्तू त्या बिंदूपाशी आहे की त्या बिंदूकडे तोंड करून आहे, हे सांगणारा एकमेव शब्द काटकसरीत गेला.

मराठी भाषांतरकाराला इथे मोह होईल. आपला ‘वर’ही असाच दुहेरी आहे. ‘टेकडीवर तोफ लावली’ म्हणजे तोफ टेकडीवर चढवली की टेकडीवर निशाणा धरला? दोन्ही. तेव्हा ‘बिंदूवर लावले आहे’ असे लिहून टाकले की संदिग्धता जशीच्या तशी राहिली, आपण सुटलो! काही वेळा हेच करणे बरोबर असते, पण ते जाणूनबुजून आणि शेजारी टीप देऊन. न कळता झाले तर वाचणाऱ्याला शंका होती हेसुद्धा कळत नाही. तो आपल्या मनातला अर्थ धरून पुढे जातो. आणि इंग्रजीत तर ही पळवाटही नाही. तिथे ‘इथे’ की ‘इकडे’ हे निवडावेच लागते.

आता दोन वाचने समोर ठेवू. नकाशावर तो बिंदू पाहिला तर तो जर्मनीत नाही. तो इंग्लंडमध्ये आहे, मध्य इंग्लंडच्या रेटफर्ड या गावाजवळ. पहिल्या वाचनानुसार जर्मनांचे कसलेतरी यंत्र रेटफर्डजवळ उभारले गेले आहे, म्हणजे शत्रूच्या हेरांनी देशात बिनतारी केंद्र बसवले आहे. हे वाचन खरे मानले तर काम पोलिसांचे. रेटफर्डच्या आसपासची शेते आणि घरे धुंडाळायची. दुसऱ्या वाचनानुसार यंत्र आहे क्लेवे गावात, जर्मनीतच, आणि ते रेटफर्डकडे रोखलेले आहे. हे खरे असेल तर काम अगदी वेगळे: रात्रीच्या अंधारात जर्मन विमानांना इंग्लंडमधल्या एका बिंदूपर्यंत नेणारा रेडिओचा झोत आकाशात शोधायचा आणि त्यावर उपाय करायचा. फ्रान्स कोसळत होता. रात्रीच्या हल्ल्यात विमान अडवण्याचे साधन ब्रिटनकडे जवळजवळ नव्हते. शब्दाची निवड चुकली तर माणसे आणि दिवस दोन्ही भलत्या कामाला लागणार होते.

निवड कशावरून करायची? वाक्याकडे टक लावून बसून ती होत नाही. त्याच शब्दाचा दुसरा वापर शोधावा लागतो. जोन्स यांच्याकडे तो होता. मार्च १९४० मध्ये इंग्लंडमध्ये पाडलेल्या एका हाइन्केल विमानात कागदाचा तुकडा सापडला होता. त्यात इतर दीपस्तंभांच्या जोडीला ‘रेडिओ दीपस्तंभ क्निकेबाइन सकाळी ६ पासून ३१५ अंशांवर’ अशी नोंद होती. पुन्हा तेच ‘वर’! पण इथे ‘वर’च्या पुढे ठिकाण नव्हते, अंश होते. ३१५ अंश म्हणजे वायव्य दिशा. आता विचार करा. साधा रेडिओ दीपस्तंभ दिव्यासारखा चहूकडे प्रकाश टाकतो. त्याला दिशा द्यायचे कारण काय? ज्याची दिशा सांगावी लागते ते यंत्र एका दिशेला तोंड करूनच असले पाहिजे.

हा तुकडा एकटा असता तर ३१५ हा आकडा चुकीचा किंवा भलत्याच गोष्टीचा मानून सोडून देता आला असता. जूनमधले वाक्य एकटे असते तर हेरांची कल्पना टिकली असती. दोन्ही शेजारी ठेवले की क्निकेबाइन या शब्दाला दोन्हीकडे बसणारा एकच अर्थ उरतो: रोखता येणारा झोत. मग ‘क्लेवे’ हे गाव, ‘आइनगेरिश्टेट’ म्हणजे रोखून जुळवलेले, आणि गळलेला शब्द ‘डेन’. तिन्ही अडचणी एकाच उत्तराने सुटल्या. चांगल्या वाचनाची ही खूण मला नेहमी उपयोगी पडते. तीन जागांसाठी तीन वेगळी स्पष्टीकरणे लागत असतील तर बहुधा आपण कुठेतरी चुकतो आहोत.

पण सुसंगत असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. या वाचनावर एक गंभीर आक्षेप होता. क्लेवेपासून तो बिंदू सुमारे ५०० किलोमीटर दूर. इतका अरुंद झोत हवा तर लहान तरंगलांबी लागते, आणि त्या लहरी पृथ्वीच्या गोलाईबरोबर फारशा वळत नाहीत. एकर्सले या नामवंत रेडिओ तज्ज्ञाचे मत होते की एवढ्या अंतरावर त्या विमानाला मिळणारच नाहीत. शिवाय जर्मन विमानांत असा झोत ऐकणारे वेगळे यंत्र दिसले नव्हते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी मिळाले. जर्मन विमानांत लॉरेंझ पद्धतीचे यंत्र असे. ते धुक्यात किंवा अंधारात धावपट्टीवर उतरण्यासाठी. धावपट्टीच्या एका बाजूला वैमानिकाला टिंबे ऐकू येतात, दुसऱ्या बाजूला रेघा, आणि मधोमध दोन्ही मिसळून सलग सूर. जोन्स यांनी हस्तगत विमानातले यंत्र तपासणाऱ्या अभियंत्याला विचारले, त्यात काही विशेष दिसले का? उत्तर आले की, उतरण्यासाठी लागते त्यापेक्षा ते फारच अधिक संवेदनशील आहे. म्हणजे वेगळे यंत्र शोधायची गरज नव्हती. तेच होते.

मग १८ जूनच्या सुमारास फ्रान्समध्ये पडलेल्या एका जर्मन विमानातले कागद आले. त्यात क्निकेबाइनच्या दोन जागा दिल्या होत्या. एक डेन्मार्कच्या सीमेजवळ ब्रेडश्टेट इथे आणि दुसरी ५१ अंश ४७ मिनिटे उत्तर, ६ अंश ६ मिनिटे पूर्व. क्लेवेच्या जवळ. ‘क्लेवे’ हे गावच आहे, हे आता अंदाजावर राहिले नाही. आणि दोन केंद्रे कशासाठी, तेही उघड झाले. एक झोत विमानाला मार्ग दाखवतो. दुसरा त्याला लक्ष्यावर छेदतो.

२१ जून रोजी पंतप्रधान चर्चिल यांच्यासमोर जोन्स यांनी ही सगळी साखळी मांडली. एकर्सले यांचा आक्षेप त्या दिवशीही होता आणि संध्याकाळचे टेहळणी विमान रद्द करण्याची चर्चा झाली, पण विमान उडाले. त्याला स्पॉल्डिंग गावाच्या दक्षिणेला झोत सापडला. रुंदी ४०० ते ५०० यार्ड. एका बाजूला टिंबे, दुसऱ्या बाजूला रेघा. पुढे दुसरा झोतही सापडला, आणि दोघे डर्बी शहराजवळ छेदत होते. तिथे रोल्स-रॉइसचा विमान-इंजिनांचा कारखाना होता.

त्या रात्रीची एक बाब भाषांतरकाराने लक्षात घेण्यासारखी आहे. स्पॉल्डिंगवरून जाणारी ती रेषा पुढे वाढवली तर ती रेटफर्डच्या बरीच दक्षिणेकडून जाते. म्हणजे जूनच्या सुरुवातीला एका बिंदूवर असलेला झोत आता दुसरीकडे वळला होता. उभारलेली वस्तू अशी हलत नाही. रोखलेली हलते. क्रियापदाच्या दोन अर्थांतला निकाल आकाशात लागला.

त्यानंतर त्या झोतात गोंधळ माजवणारे प्रक्षेपक ब्रिटिशांनी उभे केले. त्यांनी क्निकेबाइनला टोपणनाव दिले ‘डोकेदुखी’, आणि आपल्या उपायाला ‘ॲस्पिरिन’.

आता या गोष्टीची मर्यादाही सांगायला हवी. क्निकेबाइनच्या वेळी पाडलेली विमाने होती, कागद होते, आकाशात जाऊन पाहणारे विमान होते. बहुतेक संदेशांना असे भाग्य मिळत नाही. हट ३ मध्ये पुढे हजारो संदेश आले आणि सेनापतींना ते तासाभरात हवे असत. तिथल्या लोकांनी यासाठी जी शिस्त बसवली, ती मला त्यांच्या हुशारीपेक्षाही मोलाची वाटते.

त्या शिस्तीचे दोन भाग होते. एक, मूळ मजकूर आणि भाषांतरकाराचे मत कधीही मिसळायचे नाही. आपले स्पष्टीकरण जोडायचे असेल तर ‘टिप्पणी’ असे लिहून वेगळे. दुसरा, बिघडलेला शब्द दुरुस्त केला असेल तर खात्री किती आहे ते ठरलेल्या शब्दांत सांगायचे. इंग्रजीतले ते तीन दर्जे मराठीत साधारण असे होतील: ‘प्रबळ संकेत’, ‘बऱ्यापैकी संकेत’ आणि ‘क्षीण संकेत’. रणांगणावरच्या अधिकाऱ्याला ‘तुकडी, क्षीण संकेत: नदीकाठी’ असे वाचले की कळे, या शब्दावर सगळी फौज हलवायची नाही. हे लिहिताना भाषांतराची गोडी जाते, वाक्य खडबडीत होते. पण गुळगुळीत वाक्य इथे धोक्याचे असते. भाषांतर मूळापेक्षा अधिक ठाम झाले, तर मधे कुठेतरी आपण पदरचे काहीतरी घातले आहे.

मी स्वतः जुन्या रोजनिश्यांवर काम करताना हीच पद्धत वापरतो. आधी मूळ ओळ चुकांसकट जशीच्या तशी उतरवतो. तिच्याखाली शब्द सुटे करून आणि दुरुस्त करून दुसरी ओळ, दुरुस्ती कंसात. तिसऱ्या ओळीत मराठी. अडलेला शब्द त्याच माणसाने, त्याच महिन्यात, आणखी कुठे वापरला आहे ते पाहतो, कारण शब्दकोशापेक्षा लिहिणाऱ्याची सवय अधिक खरे सांगते. संबंधित जागा नकाशावर लावून पाहतो. आणि लिहिणारा हयात असेल किंवा त्याच्या तुकडीतले कुणी सापडत असेल, तर सरळ फोन करून विचारतो. जोन्स यांना ती सोय नव्हती, आपल्याला पुष्कळदा असते आणि संकोचापायी आपण ती वापरत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची पत्रे असतील. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध, स्वल्पविराम नाही, साल नाही, ‘तो आला होता ते काम झाले’ अशी वाक्ये. कोण तो, कोणते काम? पुढच्या पिढीसाठी त्यांचे हिंदी, कन्नड किंवा इंग्रजी करायला बसाल तेव्हा पहिल्याच बैठकीत ‘तो’चा ‘काका’ करू नका. मूळ ओळ वर ठेवा, तुमचा अंदाज खाली ठेवा, आणि दोन्हींच्या मधे खात्री किती ते लिहा. पुढे कधी दुसरे पत्र सापडेल, त्यातही ‘तो’ असेल, आणि त्याच्या शेजारी नाव असेल.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.